कार्ड कमी फ्रेम देऊन राहिलं तरी गेम फाटू नये म्हणून: ॲडॅप्टिव्ह सिंक कसं सुरू करायचं

मावसभावानं सीताबर्डीतून ७५ हर्ट्झचा मॉनिटर आणला, बॉक्सवर मोठ्या अक्षरात फ्रीसिंक लिहिलेलं, आणि तिसऱ्याच दिवशी मला फोन, "दादा, गाडी वळवली की स्क्रीन मधातून फाटून राहिली ना, वरचा खांब इकडं न् खालचा तिकडं." त्याच्याकडे एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० आहे, जुनं पण चांगलं ग्राफिक्स कार्ड, त्याच्या आवडत्या रेसिंग गेममध्ये सेकंदाला ५५ च्या आसपास फ्रेम देतं. संध्याकाळी प्रतापनगरला गेलो तर समजलं की मॉनिटरही ठीक, कार्डही ठीक, घोळ केबलचा होता. ते सगळं नीट लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच.

आधी का फाटतं ते पहा. ७५ हर्ट्झचा मॉनिटर दर १३.३ मिलिसेकंदाला नवीन चित्र काढतो, कार्डचं काम झालं का नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ५५ फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १८.२ मिलिसेकंद लागतात. आता व्हीसिंक बंद असेल तर मॉनिटर अर्धं चित्र जुन्या फ्रेमचं अन् अर्धं नव्याचं काढतो, तोच तो फाटलेला खांब. साधं व्हीसिंक चालू केलं तर फाटणं थांबतं पण फ्रेमला पुढच्या ठोक्याची वाट पाहावी लागते, १३.३ ची बस सुटली की थेट २६.७ ची, म्हणजे कार्ड ५५ देऊ शकतं तरी तुम्हाला दिसतात साडेसदतीस. फुकटचं नुकसान.

ॲडॅप्टिव्ह सिंक, ज्याला एएमडी फ्रीसिंक म्हणतं अन् एनव्हिडिया जी-सिंक, ही बस थांबवून धरतं. फ्रेम तयार झाली की मॉनिटर तेव्हाच रिफ्रेश होतो, १८.२ ला तर १८.२ ला, पुढची २० ला आली तर २० ला. फ्रेम वाढत नाहीत हां, ५५ च्या ५५ च राहतात, फक्त प्रत्येक फ्रेम पूर्ण दिसते आणि वेळेवर दिसते. म्हणून याचा खरा फायदा फ्रेम रिफ्रेशपेक्षा कमी असतात तेव्हाच.

आता कार्ड. एनव्हिडियाचं असेल तर जीटीएक्स १० सिरीज किंवा त्याच्या पुढचं पाहिजे, आणि ड्रायव्हर जानेवारी २०१९ नंतरचा, त्याआधी एनव्हिडियाचं सिंक त्यांचं स्वतःचं वेगळं मॉड्यूल असलेल्या महागड्या जी-सिंक मॉनिटरवरच चालायचं. ९६० किंवा ९७० असेल तर फ्रीसिंक मॉनिटरवर काही होणार नाही, सेटिंग शोधत बसू नका. एएमडीचं आरएक्स ४०० पासून पुढचं कुठलंही चालतं. इंटेलमध्ये आर्क कार्डं चालतात.

आणि केबल, इथंच सगळे फसतात. एएमडीचं कार्ड एचडीएमआयवरही फ्रीसिंक चालवतं, पण मॉनिटरच्या एचडीएमआय पोर्टला तो सपोर्ट पाहिजे. जीटीएक्स १० वाल्यांना मात्र डिस्प्लेपोर्टच लागतो. भावाच्या बॉक्समध्ये एचडीएमआय केबल आली, त्यानं तीच खुपसली, म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंकचा ऑप्शनच दिसत नव्हता. नशीब की मागे डिस्प्लेपोर्ट होता, कारण स्वस्तातल्या ७५ हर्ट्झवाल्यांमध्ये बऱ्याचदा एचडीएमआय आणि व्हीजीए एवढंच असतं, वर फ्रीसिंकचा स्टिकर असतोच. दुकानात मॉनिटर उलटा करून पोर्ट पहा, दुकानदार हसला तर हसू द्या.

केबल बदलली की मॉनिटरच्या बटणांनी त्याचा मेनू उघडा आणि ॲडॅप्टिव्ह सिंक किंवा फ्रीसिंक ऑन करा, बरेचदा ते बंदच येतं. मग विंडोजमध्ये Settings > System > Display > Advanced display मध्ये जाऊन रिफ्रेश रेट खरंच ७५ आहे का पहा, खूप जणांचा ६० वर पडून असतो. त्यानंतर एनव्हिडियावाल्यांनी NVIDIA Control Panel मध्ये Set up G-SYNC उघडून Enable G-SYNC, G-SYNC Compatible वर टिक करायची, खाली Enable settings for the selected display model दिसलं तर तिथंही टिक, आणि Apply. एएमडीवाल्यांना AMD Software च्या Display मध्ये AMD FreeSync सापडेल. शेवटी फ्रेमला लगाम घाला, एनव्हिडियाच्या Manage 3D settings मध्ये Max Frame Rate ७२ ठेवा, कारण फ्रेम ७५ च्या वर गेल्या की सिंकची हद्द संपते आणि परत फाटायला लागतं.

चालू झालं का ते कसं कळणार? मॉनिटरच्या मेनूत सध्याचा रिफ्रेश रेट दिसत असेल तर गेम चालू ठेवून पहा, आकडा ५३, ५७, ५१ असा नाचत असेल तर झालं काम. ७५ वर गोठलेला असेल तर नाही झालं.

भावाचं त्या दिवशी मस्त झालं. मग मे महिन्यात परत फोन. दुपारी खोली तापलेली, कूलर चालू तरी कॅबिनेट गरम, आत धूळ, कार्डानं स्पीड कमी केला, फ्रेम ४५-४६ वर आल्या आणि परत तेच झटके. हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं. त्याच्या मॉनिटरची रेंज ४८ ते ७५ आहे, ४८ च्या खाली मॉनिटर थांबूच शकत नाही.

महाग मॉनिटर इथं एक युक्ती करतात, नाव एलएफसी. रेंज ४८ ते १४४ असेल आणि गेम ४० फ्रेम देत असेल तर ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो, मॉनिटर ८० वर चालतो, ८० रेंजमध्ये बसतात, तुम्हाला काही कळतही नाही. भावाच्या मॉनिटरवर ४५ ची दुप्पट ९०, वरची हद्द ७५, बसणार कुठं? म्हणून या युक्तीसाठी वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट लागतो. कार्ड कमजोर असेल तर माझ्या मते १४४ वाला मॉनिटर जास्त कामाचा आहे, लोक उलटं समजतात की "आपल्याला कुठं १४४ फ्रेम येतात."

CRU नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात खालची हद्द ४८ ची ३७ करून पाहता येते, काही पॅनेल ऐकतात, काही लुकलुकतात किंवा काळे पडतात. करायचंच तर त्याच्यासोबतची `reset-all.exe` कुठं आहे ते आधी पाहून ठेवा. भावाचा ३७ वर लुकलुकला, ४२ वर नीट चालला.

बाकी आम्ही कॅबिनेट उघडून ब्रशनं धूळ काढली, गेममध्ये सावल्यांचं सेटिंग अल्ट्रावरून मीडियमवर आणलं, आणि भर दुपारी दोनला, बाहेर ४५ डिग्री असताना, फ्रेम ५१ च्या खाली आल्या नाहीत.