फोडणीचा ठसका आणि तळणाचा निळसर धूर

खानापूरकडे पावसाळ्यात खिडक्या घट्ट लावून भज्यांचा घाणा चालतो. आमच्या काकींना दुपारी तळण झालं की रात्री हटकून खोकला यायचा. त्या दोष द्यायच्या मिरचीला. मिरचीतल्या कॅप्सेसिनने ठसका लागतो हे खरं, पण तो थोड्या वेळात जातो. रात्रीपर्यंत रेंगाळणारा त्रास बहुधा तेलाचा.

तेल फार तापलं की कढईवर निळसर धूर तरंगतो. त्यात ॲक्रोलीन असतं, डोळे चुरचुरतात ते त्यानेच. सोबत तेलाचे इतके बारीक कण असतात की ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. श्वासनलिकेच्या आतले सूक्ष्म केस कफ वर ढकलतात, ॲक्रोलीन त्यांनाच मंद करतं. हे वर्षानुवर्षं झालं की कफ, खोकला, धाप मागे लागते, दमा असेल तर तो उसळतो. २०१० साली आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने कडक आचेवरच्या तळणीचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकला.

तळणाला १७०-१८० अंश पुरतात. पिठाचा थेंब टाका: बुडबुडे काढत सावकाश वर आला तर तेल बरोबर, लगेच करपला तर आच कमी करा. दोनदा तळलेलं तेल लवकर धुरावतं, ते फोडणीला नको. धूर बाहेर फेकणारा पंखा तेल तापायच्या आधी लावा, गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. नुसतं फिल्टर लावून हवा घरातच फिरवणारी चिमणी मात्र फारशी उपयोगाची नाही.