स्लाइडवरील इमोजी, बाण आणि विरामचिन्हे: मोजकी कशी ठेवावीत

कामाच्या प्रगतीचा आढावा देणारी स्लाइड दोनदा वाचली जाते. पहिल्यांदा ती पडद्यावर दिसते, तेव्हा बोलणारा समोर असतो. दुसऱ्यांदा तीच फाइल ईमेलने पुढे जाते आणि बैठकीला नसलेली एखादी व्यक्ती ती एकटीने वाचते. समोर बोलताना हसऱ्या चेहऱ्याचा इमोजी किंवा तीन उद्गारचिन्हे आवाजाच्या ओघात खपून जातात. एकट्या वाचकाला मात्र ती उथळ किंवा घाईची वाटू शकतात. म्हणून चिन्हे ठेवायची की काढायची, हे या दुसऱ्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून ठरवावे. एका नमुना स्लाइडवर हे काम कसे होते ते पाहू.

```
🚀 नवीन नोंदणी प्रणाली सुरू झाली!!! 🎉
✅ चाचणी ➡️ अहवाल ➡️ मंजुरी
⚠️ प्रतिसादाचा वेळ ↑
👉 पुढे काय...?
```

आधी सगळी चिन्हे काढून टाका

फाइलची एक प्रत करून तिच्यातील सर्व इमोजी, बाण आणि उद्गारचिन्हे पुसावीत आणि उरलेला मजकूर मोठ्याने वाचावा. जिथे अर्थ अडतो, तिथे चिन्ह शब्दांचे काम करत होते असे समजावे. वरच्या स्लाइडमध्ये पहिली ओळ चिन्हांशिवायही पूर्ण आहे, त्यामुळे रॉकेट आणि उत्सवाचा इमोजी निव्वळ सजावट होती, हे उघड होते. दुसऱ्या ओळीतला क्रम मात्र बाणांशिवाय हरवतो. तिसऱ्या ओळीत वेगळीच उणीव दिसते: वेळ किती वाढला आणि ती वाढ काळजी करण्याजोगी आहे का, हे लिहिणाऱ्याने सांगितलेलेच नाही, ते सांगण्याचे काम त्याने बाणावर आणि इशाऱ्याच्या चिन्हावर सोडले आहे. चिन्हांचा अतिरेक बहुतेक वेळा अशाच अपुऱ्या वाक्यांभोवती आढळतो, म्हणून इमोजींची संख्या मोजत बसण्यापेक्षा अशी वाक्ये शोधून ती पूर्ण करणे अधिक उपयोगाचे ठरते.

बाणाला एकच अर्थ द्या

बाणाचे किमान तीन अर्थ सर्रास वापरले जातात: ‘यानंतर हे’, ‘यामुळे हे’ आणि ‘वाढ किंवा घट’. एकाच सादरीकरणात तिन्ही आले, तर ‘चाचणी → विलंब’ या ओळीचा अर्थ चाचणीनंतर विलंब झाला असा घ्यायचा की चाचणीमुळे विलंब झाला असा, हे वाचकाला कळत नाही. आणि विलंबाचे खापर कोणावर फुटते हे त्यावरच अवलंबून असते. माझ्या मते बाण फक्त क्रमासाठी राखून ठेवावा. कारण सांगायचे असेल तर ‘मुळे’ लिहावे, आणि वाढ किंवा घट दाखवायची असेल तर दोन्ही आकडे द्यावेत. वर जाणारा बाण विक्रीच्या बाबतीत चांगली बातमी देतो आणि खर्चाच्या बाबतीत वाईट. त्याला हिरवा किंवा लाल रंग दिला, तरी ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांची अडचण कायम राहते.

बाण कोणता निवडावा, यालाही महत्त्व आहे. साधा → (U+2192) हे मजकुराचे चिन्ह आहे. तो आजूबाजूच्या अक्षरांचा रंग आणि आकार घेतो. ➡️ हा इमोजी आहे. तो बहुतेक ठिकाणी रंगीत चौकोनात बसलेला दिसतो आणि अक्षरांचा रंग बदलला तरी बदलत नाही. ओळीत नेहमी पहिला वापरावा.

येथे पॉवरपॉइंटची एक सवय माहीत असलेली बरी. `-->` किंवा `:)` टाइप केल्यावर त्याजागी आपोआप बाण किंवा हसरा चेहरा उमटतो. पण ही चिन्हे अनेकदा Wingdings या फॉन्टमधली असतात. तो फॉन्ट चिन्हांची चित्रे दाखवतो, परंतु मुळाशी असलेले अक्षर वेगळेच असते. हा मजकूर दुसरीकडे चिकटवताना फॉन्ट गळून पडला, की बाणाच्या जागी `à` आणि चेहऱ्याच्या जागी `J` उरतो. एखाद्या वाक्याच्या शेवटी निरर्थक `J` दिसला, तर तो बहुधा असाच आलेला असतो. रूपांतर होताच Ctrl+Z दाबल्यास टाइप केलेली मूळ अक्षरे परत येतात. ही सवय कायमची बंद करायची असेल, तर File > Options > Proofing > AutoCorrect Options येथे जावे.

विरामचिन्हांत एकवाक्यता ठेवा

मुद्द्यांच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा की नाही, हे एकदा ठरवून सगळीकडे तसेच करावे; पूर्ण वाक्ये असतील तर द्यावा, तुटक शब्दसमूह असतील तर गाळावा. उद्गारचिन्ह एकच, आणि तेही खऱ्याखुऱ्या अभिनंदनासाठी किंवा आभारासाठी राखावे. मुदत, त्रुटी किंवा मागणी यांच्यापुढे ते आले की वाचणाऱ्याला ओरडल्यासारखे वाटते. वाक्याच्या शेवटी सोडलेली तीन टिंबे तर काढूनच टाकावीत, कारण ‘अहवाल अजून आलेला नाही...’ या ओळीत लिहिणाऱ्याच्या मनात नसलेला टोमणा वाचला जातो. देवनागरीत टाइप करताना अपूर्णविरामाऐवजी चुकून विसर्ग पडतो, तोही तपासावा. ‘टीप:’ आणि ‘टीपः’ पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात, पण शोधताना दोन्ही वेगळे शब्द ठरतात.

इमोजी कुठे शोभतो

मुद्द्यांच्या सुरुवातीला बुलेटऐवजी इमोजी ठेवू नयेत. इमोजी वेगळ्या फॉन्टमधून येत असल्याने त्या ओळींची उंची आणि समास थोडे विस्कटू शकतात; शिवाय स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला प्रत्येक मुद्द्याआधी त्या चित्राचे नाव ऐकावे लागते. शीर्षक, आकडे, जोखीम आणि निर्णय यांच्याजवळही तो नको. आभाराची किंवा स्वागताची ओळ ही त्याची योग्य जागा आहे, तीही वाक्य संपल्यावर. मात्र जिव्हाळा आधी शब्दांत असायला हवा: कोणी काय केले म्हणून काम सोपे झाले, हे नेमके लिहिले की इमोजीची फारशी गरज उरत नाही, आणि ठेवलाच तर तो मनापासूनचा वाटतो.

आता तीच स्लाइड अशी होते:

```
नवीन नोंदणी प्रणाली सुरू झाली
चाचणी → अहवाल → मंजुरी (मंजुरी बाकी)
प्रतिसादाचा वेळ ४ सेकंदांवरून ६ सेकंदांवर गेला
निर्णय हवा: सर्व्हरची क्षमता आता वाढवावी का?
चाचणी गटाच्या सविस्तर नोंदींमुळे त्रुटी लवकर सापडल्या. आभार 🙂
```

सात इमोजींच्या जागी एक उरला, आणि पूर्वी नसलेल्या तीन गोष्टी आल्या: काय बाकी आहे, वेळ किती वाढला आणि वाचकाकडून कोणता निर्णय हवा आहे. मजकूर थोडा वाढला, पण तो वाचताना कुठेही अंदाज बांधावा लागत नाही.

पाठवण्यापूर्वीची तपासणी

एकच इमोजी वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांवर वेगळा रेखाटलेला असतो, आणि जुन्या प्रणालीवर नवा इमोजी रिकाम्या चौकोनासारखा दिसू शकतो. त्यामुळे फाइल आपल्यापेक्षा वेगळ्या प्रणालीच्या एखाद्या संगणकावर किंवा फोनवर उघडून पाहावी. फक्त वाचण्यासाठी पाठवायची असल्यास पीडीएफ करावी, म्हणजे चिन्हे सहसा आपल्याला दिसतात तशीच राहतात. तरीही पाठवण्याआधी ती पीडीएफ एकदा उघडून पाहावी. शेवटी एक पान कृष्णधवल छापावे किंवा पडद्यावर करड्या छटांत पाहावे. रंग गेल्यावर ज्या चिन्हाचा अर्थ कळत नाही, त्याच्या जागी शब्द लिहावा.