नदाल हे मधलं नाव नाही

स्पॅनिशची बी-वन परीक्षा पास झाले आणि पुण्यातल्या एका बॅक-ऑफिसात लागले. काम परदेशी कर्मचाऱ्यांच्या नोंदी करण्याचं. क्रियापदांची रूपं पाठ होती, सबजंक्टिव्हसुद्धा बऱ्यापैकी जमत होता. फसले ते नावात. इथे नवीन लागणारी जवळजवळ प्रत्येक मराठी मुलगी किंवा मुलगा तिथेच फसतो, म्हणून हे जरा पाल्हाळ लावून सांगते.

फॉर्मवर तीन चौकटी होत्या: फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम. समोर स्पेनमधल्या माणसाचं तीन शब्दांचं नाव. त्यांचं खरं नाव इथे देत नाही, टेनिसवाला नदाल घेऊ. त्याचं पूर्ण नाव राफाएल नदाल परेरा. आपल्या डोक्यात लहानपणापासून एकच साचा बसलेला आहे: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी डोळे झाकून तीन शब्द तीन चौकटींत टाकले. झालं, नदाल गेला मधल्या नावात आणि आडनाव उरलं परेरा.

परेरा हे त्याच्या आईकडचं आडनाव आहे. नदाल वडिलांकडचं, आणि दोन्ही मिळून त्याचं आडनाव. गंमत म्हणजे मधला शब्द खरोखरच ‘वडिलांचा’ असतो, म्हणून आपली चूक आपल्याला बरोबर वाटत राहते. सिस्टीमने मग मधल्या नावाचं नुसतं ‘एन’ केलं. ओळखपत्र तसंच छापलं गेलं, पुण्याच्या भेटीचं तिकीटही त्याच नोंदीवरून निघालं. ते गृहस्थ विमानतळावर चेक-इनला उभे राहिले तेव्हा तिकीट आणि पासपोर्ट यांची आडनावं जुळेनात. तिकीट दुरुस्त होईपर्यंत मी रात्री दोन वाजता फोनवर रडकुंडीला आले होते. आजही तीन चौकटींचा फॉर्म उघडला की पोटात गोळा येतो.

बरोबर नोंद अगदी सोपी आहे. फर्स्ट नेममध्ये राफाएल, मिडल नेम कोरं, लास्ट नेममध्ये मध्ये एक जागा सोडून नदाल परेरा. मधली चौकट कोरी ठेवताना हात थरथरतो, पण ठेवा. कोरी चौकट कुणाचं विमान चुकवत नाही.

माझ्या सिनिअरने पहिल्याच दिवशी मंत्र दिला होता: शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. माणूस चांगला, पण हा मंत्र घातक. शब्द मोजणं हाच मुळात चुकीचा रस्ता आहे. दिएगो आर्मांदो मॅराडोना हेही तीनच शब्द. पण अर्जेंटिनात एकच आडनाव लावण्याची पद्धत खूप रुळलेली आहे, आणि इथे पहिले दोन शब्द ही त्याची नावं आहेत. नदाल आणि मॅराडोना कागदावर सारखेच दिसतात, तोडायचे मात्र वेगवेगळ्या ठिकाणी. एक्सेलमध्ये नावांचा स्तंभ जागेवरून तोडणारे लोक मला म्हणूनच बघवत नाहीत. दोनशे नावं एका क्लिकवर बिघडतात आणि निस्तरायला आठवडा जातो.

मग तोडायचं कुठे? पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी मशीनसाठी छापलेल्या दोन ओळी असतात, त्यांतली पहिली बघा. नदालच्या नावाची ती अशी दिसेल:

```
P<ESPNADAL<PARERA<<RAFAEL<<<<<<<<<<<<<<<<<<<
```

देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव सुरू होतं. एकेरी `<` म्हणजे शब्दांमधली जागा. पहिलं दुहेरी `<<` आलं की आडनाव संपलं, पुढे स्वतःचं नाव. एवढंच. या ओळीत स्वरांवरच्या खुणाही नसतात, त्यामुळे तिकिटाच्या फॉर्मने त्या नाकारल्या तर घाबरू नका. आपल्या ई-व्हिसाच्या फॉर्मवरही आडनाव पासपोर्टात आहे तसंच लिहा म्हणून सांगितलेलं असतं, तेव्हा तिथेही दोन्ही शब्द जातात. एखादा फॉर्म आडनावात मोकळी जागा घेतच नसेल तर दोन्ही शब्द जोडून लिहा, NADALPARERA. तिकिटांवर असं सर्रास दिसतं. मधे हायफन मात्र आपल्या मनाने घालू नका. तो पासपोर्टात नसतो, आणि मग दुसरा कुणी शोधायला गेला की नोंद सापडत नाही.

खरंच एकच आडनाव मागणारी ठिकाणंही असतात, म्हणजे ईमेल आयडी, दारावरची पाटी, अकारविल्हे यादी. स्पॅनिश नाव असेल तर तिथे पहिलं आडनाव घ्या. पहिलं म्हणजे वडिलांचंच असं मात्र धरून चालू नका. स्पेनमध्ये 2017 पासून कोणतं आधी लावायचं हे आईवडील मिळून ठरवतात. आपल्याला कुणाचं ते कळायची गरज नाही, क्रम कळला की पुरे. एरवी माणसालाच विचारा. पाब्लो रुइस पिकासोला जग त्याच्या आईच्या आडनावाने ओळखतं, तिथे आपला नियम घेऊन काय करणार?

हे अंगवळणी पडतं न पडतं तोच तुमच्या हातात पोर्तुगाल आणि ब्राझीलची यादी देतात. तिथे सगळं उलटं. आईकडचं आडनाव साधारणपणे आधी, वडिलांकडचं शेवटी, आणि एकच घ्यायचं तर शेवटचं. क्रिस्तियानो रोनाल्दो दोस सांतोस आवेइरो. यात रोनाल्दो हे आडनाव नाहीच, ते त्याचं दुसरं नाव. दोस सांतोस आईकडचं, आवेइरो वडिलांकडचं. यादीत तो ‘आवेइरो’खाली येईल, पण पासपोर्टाप्रमाणे भरायच्या फॉर्मवर दुहेरी `<<` च्या आधीचं सगळं जाईल.

शेवटच्या शब्दालाही इथे एक खोच आहे. ब्राझीलमध्ये नावाच्या शेवटी ज्युनिअर, फिल्यो किंवा नेतो येतं. फिल्यो म्हणजे मुलगा, नेतो म्हणजे नातू. आजोबांचंच नाव ठेवलं आहे एवढाच त्याचा अर्थ. माझ्या एका सहकाऱ्याने ब्राझीलचे चार लोक ‘नेतो’ आडनावाखाली लावून एकाच घरातले म्हणून जोडले होते. असा शब्द दिसला की त्याच्या आधीचा शब्द हे आडनाव.

फॉर्मवरचे मथळेही फसवतात. स्पॅनिशमध्ये ‘आपेयिदो’ म्हणजे आडनाव आणि ‘सोब्रेनोम्ब्रे’ म्हणजे टोपणनाव. ब्राझीलमध्ये ‘सोब्रेनोमी’ म्हणजे आडनाव आणि ‘अपेलिदो’ म्हणजे टोपणनाव. पोर्तुगालमध्ये मात्र ‘अपेलिदो’ पुन्हा आडनाव! मी हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं होतं. तुम्हीही चिकटवा, त्यात कमीपणा नाही.

विम्याच्या फॉर्मवर नवरा, बायको आणि मूल यांची आडनावं जुळत नाहीत म्हणून ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. स्पेनमध्ये लग्नानंतर बायकोचं आडनाव बदलत नाही, आणि मूल दोघांचं एकेक घेतं. तीन माणसं, तीन वेगळ्या जोड्या, आणि तिन्ही बरोबर.

उद्या तुम्ही स्वतः स्पेनला निघालात तर हाच खेळ उलटा होतो. तिथल्या फॉर्मवर नाव, पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव अशा चौकटी असतात. आपल्या पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं नाव बहुतेकदा एकत्र ‘गिव्हन नेम’मध्ये असतं. तसं असेल तर ती दोन्ही नावं नावाच्या चौकटीत लिहा, आडनाव पहिल्या आडनावात, आणि दुसरं आडनाव कोरं. तिथे वडिलांचं नाव भरलंत की तुमच्या स्पेनमधल्या कागदांवर ते आडनाव म्हणून छापून येईल.