घरगुती साबण, मेणबत्ती आणि उदबत्ती: पहिल्या घाण्यापासून पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत

भेट देण्यासाठी घरी साबण, मेणबत्त्या आणि उदबत्त्या करायच्या म्हटलं की बहुतेक जण तिन्ही एकदम सुरू करतात. मी नव्याने शिकणाऱ्याला सांगते, आधी साबण घ्या आणि त्यातही एकच कृती धरून ठेवा. वजन काटेकोर घेणं, नोंद ठेवणं, वाट पाहणं हे सगळं साबण शिकवतो, आणि पुढच्या दोन्ही कामांना तेच लागतं.

माझी कृती ५०० ग्रॅम तेलाची आहे: ऑलिव्ह तेल ३०० ग्रॅम, नारळाचं तेल १५० ग्रॅम आणि एरंडेल ५० ग्रॅम. नारळाने वडी कडक होते आणि फेस भरपूर येतो, ऑलिव्हमुळे साबण सौम्य राहतो आणि एरंडेलाने फेस टिकतो. तेलाचा साबण व्हायला कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड लागतं आणि प्रत्येक तेलाला ते वेगळ्या प्रमाणात लागतं. एक ग्रॅम नारळाच्या तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्हला ०.१३५ आणि एरंडेलाला ०.१२८. हिशेब केला की २७.४५, ४०.५ आणि ६.४, एकूण ७४.३५ ग्रॅम. एवढा पूर्ण घालायचा नाही. थोडं तेल साबण न होता मागे राहावं म्हणून ५ टक्के कमी करायचा, म्हणजे ७०.६ ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, १४१ ग्रॅम.

हा हिशेब मी मुद्दाम पूर्ण लिहिला, कारण इथेच खरा धोका आहे. समजा नारळाचं तेल संपलंय म्हणून तेवढंच ऑलिव्ह घातलं. दिसायला फरक काहीच नाही, पण आता तेलांना लागणारा कॉस्टिक ६७ ग्रॅमच आहे आणि तुम्ही ७०.६ घातलाय. तीन ग्रॅमहून जास्त कॉस्टिक वडीत मोकळा राहील आणि त्वचा जाळेल. म्हणून तेल बदललं की हिशेब नव्याने करायचा. मापाच्या वाट्या-चमचे इथे चालत नाहीत. पाणीसुद्धा काट्यावरच मोजायचं. काटा निदान एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, ०.१ ग्रॅमचा असला तर उत्तम.

कॉस्टिक हाताळताना डोळ्यांना बाजूनेही झाकणारा चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. लहान मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही; तसं केलं तर एकदम उकळून अंगावर उडतं. पाण्यात पडताच मिश्रण ८० अंशांच्या वर सहज जातं आणि झोंबणारी वाफ येते, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि तोंड भांड्यावर आणू नका. भांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा जाड, उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं. ॲल्युमिनियम अजिबात नको, कॉस्टिक त्याला खातो आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन निघतो. थेंब अंगावर पडलाच तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरायचं, व्हिनेगर चोळत बसायचं नाही. डोळ्यात गेलं तर धुणं लगेच सुरू करायचं, निदान १५-२० मिनिटं, आणि डॉक्टर गाठायचा.

दोन्ही मिश्रणं ४० अंशांच्या आसपास आली की कॉस्टिकचं पाणी तेलात ओतून हँड ब्लेंडर थोडा थोडा फिरवायचा. मिश्रण पातळ कस्टर्डसारखं होऊन वरून ओघळलेली धार पृष्ठभागावर क्षणभर दिसू लागली की, याला ट्रेस म्हणतात, १५ ग्रॅम सुगंध घालून साच्यात ओता. काही सुगंधांनी मिश्रण बघता बघता घट्ट होतं, त्यामुळे साचा आधीच तयार हवा. एक-दोन दिवसांनी हातमोजे घालूनच वड्या कापायच्या आणि हवेशीर जागी चार ते सहा आठवडे ठेवायच्या. या काळात पाणी उडतं आणि वडी कडक, सौम्य होते.

वडी चांगली झाली हे कसं ओळखायचं? वर पांढरी पावडर दिसली तर बहुधा ती हवेच्या संपर्कातली सोडा राख असते, पुसून जाते. पण कापल्यावर आत पांढरे, कडक गोळे किंवा ओलसर पाण्याचे कप्पे दिसले तर ते न मिसळलेलं कॉस्टिक असू शकतं. तो सगळा घाणा कोणालाही द्यायचा नाही.

मेणबत्तीत वातीची जाडी हा सगळा खेळ आहे. वात बारीक असेल तर मधोमध बोगदा पडतो आणि कडेचं मेण तसंच राहतं. जाड असेल तर ज्योत उंच होते, काजळी धरते, डबा तापतो. म्हणून प्रत्येक नव्या डब्यासाठी दोन-तीन जाडींच्या वाती लावून एकेक मेणबत्ती जाळून बघते, चार तासांच्या फेऱ्यांमध्ये, तळाशी एक सेंटिमीटर मेण उरेपर्यंत. मेण दुहेरी भांड्यात वितळवायचं आणि तिथून हलायचं नाही. पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी कदापि नाही.

उदबत्ती सर्वांत सोपी वाटते, पण ओली काडी उन्हात वाळवली की मसाला तडकतो. लाकडाची भुकटी आणि ती चिकटवून धरणारी जिगट पावडर कणकेइतकी घट्ट मळून सावलीत वाळवायची. प्रत्येक घाण्यातली एक काडी शेवटपर्यंत जाळून बघा. मधेच विझली तर ती अजून ओली आहे किंवा चिकट द्रव्य जास्त झालंय.

खर्चाचा हिशेब करताना वरच्या घाण्यात सात वड्या मिळतात, वाळून नव्वदेक ग्रॅमच्या. त्यातली एक मी स्वतः वापरून बघते आणि एक नमुना म्हणून ठेवते, म्हणजे विकायला पाचच. साहित्याचा खर्च सातने नाही, पाचने भागायचा. एका वडीचा खर्च तिथेच ४० टक्क्यांनी वाढतो. त्यावर कागद, डबी, लेबल आणि तुमचा वेळ. भेटवस्तूत डबी कधीकधी साबणापेक्षा महाग पडते, म्हणून ती आधी ठरवावी.

पहिलं गिऱ्हाईक शोधताना मी ओळखीच्या काही जणांना साध्या कागदात गुंडाळून वड्या दिल्या आणि दोन आठवड्यांनी ठरलेले प्रश्न विचारले: त्वचा ओढली गेली का, वडी साबणदाणीत विरघळली का, वास किती दिवस टिकला. "छान आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "अजून आहे का" विचारणारीच पहिली खरेदीदार झाली. लेबलवर घटकांची पूर्ण यादी, घाण्याचा क्रमांक आणि तारीख असू द्या, कारण सुगंधाने कोणाला खाज आली तर नेमकं काय होतं ते सांगता यायला हवं. त्वचारोग बरा होतो असा दावा करू नका. विक्री सुरू करण्यापूर्वी आपल्याकडचे सौंदर्यप्रसाधनांचे नियम वाचा.

मोठी मागणी आली की तारखेपासून उलटं मोजायचं. एकीने समारंभासाठी ३६ वड्या मागितल्या, तीन आठवड्यांत. मी नाही म्हटलं, कारण वाळण्यालाच सहा आठवडे लागतात. तिने समारंभातल्या पाहुण्यांऐवजी नंतर घरी येणाऱ्यांना देण्याची तारीख धरली, आठ आठवड्यांनंतरची. मग दुप्पट मापाचे तीन घाणे केले, ४२ वड्या. प्रत्येक घाण्यातली एक नमुन्याला राहिली, तीन तुटफुटीसाठी बाजूला ठेवल्या आणि ३६ वेळेवर गेल्या.