तक्ता मिटव, एका प्रथिनाच्या मागे जा

बाळा,

तुझा चाचणीचा पेपर पुन्हा वाचला. गॉल्गी संकुलाचं कार्य तू बरोबर लिहिलंस, पण 'स्वादुपिंडाच्या पेशींत कोणती अंगके भरपूर असतील आणि का?' हा प्रश्न कोरा सोडलास. खरं तर त्याचं निम्मं उत्तर तू आधीच लिहून बसली होतीस. अंगकं आणि कार्यं यांचा तक्ता पाठ केला की असंच होतं. प्रत्येक ओळ सुटी राहते.

आता तक्ता मिटव आणि कोऱ्या पानावर स्वादुपिंडाची एकच पेशी मोठी काढ. तिचं काम पाचक विकरं तयार करून बाहेर सोडण्याचं. विकर म्हणजे प्रथिन. त्याची कृती केंद्रकातल्या डीएनएत असते, तिची आरएनए प्रत बाहेर येते आणि रायबोझोम ती वाचून प्रथिन जोडू लागतात. हे प्रथिन पेशीबाहेर जायचं असल्यामुळे ते रायबोझोम आंतर्द्रव्यजालिकेला चिकटतात आणि प्रथिन थेट तिच्या आत उतरतं. तिथे त्याची घडी बसते. मग ते पटलाच्या इवल्या पिशवीतून गॉल्गीकडे जातं. गॉल्गी त्यात बदल करतं, कुठे धाडायचं ते ठरवतं आणि स्रावकणांत भरतं. शेवटी कण पेशीपटलाला मिळतो आणि विकर बाहेर पडतं. जोडणीपासून पाठवणीपर्यंत ऊर्जा लागते, म्हणून तंतुकणिकाही भरपूर. कोऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

हा रस्ता खरोखर पाहिला गेला आहे, आणि मला तो प्रयोग फार आवडतो. 1960च्या दशकात जॉर्ज पॅलाडे आणि जेम्स जेमिसन या पेशीशास्त्रज्ञांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना काही मिनिटंच किरणोत्सारी ल्युसिन, म्हणजे नव्या प्रथिनात जोडलं जाणारं एक अमिनो आम्ल, दिलं. त्याची खूण आधी खडबडीत, म्हणजे रायबोझोम चिकटलेल्या आंतर्द्रव्यजालिकेत दिसली, सुमारे वीस मिनिटांनी गॉल्गीच्या भागात आणि दोनेक तासांनी स्रावकणांत.

आता तू विचारशील, हे विकर पेशीलाच का पचवत नाही? यांतलंच एक विकर, ट्रिप्सिन, निष्क्रिय रूपात, ट्रिप्सिनोजेन म्हणून बनतं, पटलात बंद राहतं आणि लहान आतड्यात पोचल्यावरच जागं होतं. ते आतच जागं झालं, तर स्वादुपिंडाला सूज येते.

एका ठिकाणी मात्र मुलं हमखास घसरतात: सगळीच प्रथिनं या वाटेने जातात असं धरून चालतात. हिमोग्लोबिन तांबड्या पेशीतच राहतं, म्हणून ते पेशीद्रवातल्या मोकळ्या रायबोझोमवर बनतं. त्याला गॉल्गीची गरज नाही. म्हणून कोणतंही प्रथिन समोर आलं की आधी विचार, ते राहणार कुठे?

सोमवारी येताना प्रतिपिंड तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशीची अशीच आकृती काढून आण. नावं शेवटी लिही, आधी बाण काढ.

तुझ्या बाई