भांडुपच्या सायबर कॅफेत पहिला रिझ्युम

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून आलेली ही मुलगी. बारावी कॉमर्स आणि एमएससीआयटी झालेली. भांडुपला मावशीकडे उतरली आहे. घाटकोपरच्या एका ऑफिसात हिशेबाच्या नोंदी करायला मुलगी हवी आहे, रिझ्युम ईमेलने पाठवायचा आहे. घरात कॉम्प्युटर नाही, म्हणून मावसबहीण तिला घेऊन सायबर कॅफेत निघते.

निघण्याआधी ताई तिच्याकडून सगळा मजकूर वहीत लिहून घेते, कारण कॅफेत तासाचे पैसे मोजावे लागतात आणि विचार करण्यातच तास जातो. बारावीची मार्कशीट समोर हवी. नावाचं स्पेलिंग त्यावर आहे अगदी तसंच लिहायचं. एका अक्षराचा फरक असला तरी पुढे कागदपत्रं तपासताना खुलासे करत बसावं लागतं. मूळ ओळखपत्रही सोबत घ्यायचं. २०११ च्या नियमांप्रमाणे कॅफेवाल्याला ते पाहून नोंद ठेवावी लागते.

कॅफेवाला मदत म्हणून तयार फॉर्मॅट उघडून देतो. ही फाइल आधीच्या कुणाची तरी असते. वरचं नाव बदललं जातं, पण तळाच्या प्रतिज्ञेखाली जुनं नाव आणि ठिकाण तसंच राहतं. शिवाय त्यात वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती असे लग्नाच्या बायोडेटातले रकाने असतात. हिशेबाच्या कामाला त्यातलं काहीच लागत नाही. आधार नंबर तर घालूच नये, कारण हा कागद किती हातांत जाईल ते सांगता येत नाही. ताई ती फाइल बंद करून कोरं पान उघडते.

अनुभवाच्या जागी मुलगी अडते. "ताई, मी कुठे नोकरी केलीय?"

"अगं, बचत गटाची वही कोण लिहायचं?"

आईच्या गटाचा हिशेब दोन वर्षं तीच लिहीत होती. पण ‘बचत गटात मदत केली’ एवढ्यावरून मालकाला काही कळत नाही. ताई तिला विचारत जाते: सदस्य किती, काय लिहायचीस, किती दिवसांनी? मग ओळ तयार होते: ‘बारा सदस्यांच्या महिला बचत गटाची मासिक बचत आणि कर्जफेड यांची नोंदवही दोन वर्षे लिहिली, दर महिन्याला शिल्लक रकमेचा ताळा केला.’ हीच ओळ साध्या इंग्रजीत टाइप होते. कामाचा पगार मिळाला नव्हता, म्हणून मथळा ‘नोकरी’ न देता ‘कामाचा अनुभव’ असा द्यायचा. खोटं काही नाही, आणि मुलाखतीत यावरच प्रश्न आले तर तिला सगळं सांगता येतं. मला विचाराल तर नवख्या मुलीच्या रिझ्युममध्ये हीच ओळ सगळ्यात मोलाची.

आता शिक्षण. मुलगी परीक्षा, मंडळ, वर्ष आणि टक्के एका रेषेत आणण्यासाठी स्पेसबार दाबत राहते. पडद्यावर नीट दिसतं, पण ताईने फॉन्ट बदलताच वर्षं इकडेतिकडे सरकतात. प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते आणि फॉन्टबरोबर तीही बदलते, त्यामुळे स्पेस मोजून रकाने कधीच जुळत नाहीत. `Insert` मधून चार रकान्यांचा टेबल घ्यायचा आणि एका खान्यातून पुढच्यात `Tab` ने जायचं. मजकूर मग जागेवरून हलत नाही. आडनावाखाली लाल नागमोडी रेघ आली तर घाबरायचं नाही. कॉम्प्युटरच्या शब्दकोशात ते नाव नाही, एवढाच तिचा अर्थ. मात्र त्याने सुचवलेला शब्द स्वीकारायचा नाही.

टाइप करताना मधूनमधून `Ctrl+S`. काही कॅफेंत मशीन बंद करून चालू केलं की डेस्कटॉपवरचं सगळं पुसलं जाईल अशी सोय केलेली असते, त्यामुळे फाइल तिथेच ठेवून ‘उद्या येते’ म्हणता येत नाही. काम झालं की वर्डची फाइल पुढच्या दुरुस्तीसाठी स्वतःलाच मेल करायची, आणि ऑफिसला `PDF` पाठवायची, म्हणजे मांडणी बिघडत नाही. फाइलचं नाव नुसतं `resume.pdf` नको. आपलं नाव आणि आडनाव त्यात हवं.

खरी अडचण मेल उघडताना येते. तिचा ईमेल गावी भावाच्या मोबाइलवर काढलेला आहे. अनोळखी कॉम्प्युटर दिसला की गुगल खात्री करून घेतं, आणि कोड जातो वाडीतल्या त्या फोनवर, जिथे रेंजसाठी अंगणात यावं लागतं. भावाला आधीच सांगून ठेवलं असेल तर तो कोड वाचून दाखवतो, नाहीतर तास वाया. आत शिरल्यावर ताई पहिल्यांदा खात्यात मुलीचा स्वतःचा नंबर घालायला लावते.

मेल गेला की `Sent` मध्ये जाऊन जोडलेली फाइल एकदा उघडून बघायची. मग लॉगआउट, आणि `Downloads` मध्ये मार्कशीटची स्कॅन कॉपी राहिली असेल तर ती निवडून `Shift+Delete`.