चंद्राभोवतीची रंगीत कडी: फोटोवरून थेंब मोजताना या चुका टाळा

पातळ ढग चंद्रावरून सरकतो आणि चंद्राभोवती निळसर पांढरी तबकडी उमटते. तिला तांबूस काठ असतो, आणि ढगातले थेंब सारख्या मापाचे असतील तर बाहेर आणखी एकदोन रंगीत कडी दिसतात. हा कोरोना. थेंबांच्या कडेने जाताना प्रकाशाचं विवर्तन होतं, त्यातून तो तयार होतो. थेंब जितके बारीक, तितकी कडी मोठी. त्यामुळे एका फोटोवरून ढगातल्या थेंबाचा व्यास काढता येतो, आणि काढावाच. पण घाईत काढलेले आकडे पाहिले की जीव हळहळतो, कारण चुका त्याच त्या असतात.

सूत्र असं:

d = 40 / θ

d म्हणजे थेंबाचा व्यास, मायक्रॉनमध्ये. θ म्हणजे चंद्राच्या केंद्रापासून तबकडीच्या तांबूस काठापर्यंतचा कोन, अंशांमध्ये. काठ तांबूस आहे म्हणून काहीजण यात तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी घालतात. ते चूक आहे. त्या जागी पांढऱ्या प्रकाशातला हिरवा-पिवळा भाग मावळतो, म्हणून उरलेला तांबूस दिसतो. हिशोब मावळलेल्या रंगाचा करायचा, म्हणजे सुमारे 0.57 मायक्रॉनचा. वरच्या 40 मध्ये तो धरलेला आहे.

फुगलेल्या चंद्राची मोजपट्टी

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. चंद्राचा व्यास साधारण अर्धा अंश, म्हणून फोटोतल्या चंद्रावरूनच पिक्सेलचे अंश करायचे. कल्पना उत्तम. पण कडी दिसावीत म्हणून एक्स्पोजर वाढवलेलं असतं, त्यात चंद्राचा पांढरा गोळा होतो, आणि तो खऱ्या चंद्रापेक्षा मोठा असतो.

एका मित्राने असाच हिशोब आणला होता. फोटोत चंद्र 90 पिक्सेल, केंद्रापासून काठ 360 पिक्सेल. म्हणजे अंशाला 180 पिक्सेल, कोन 2 अंश आणि थेंब 20 मायक्रॉनचा. आकडा अशक्य नव्हता, म्हणून त्याला शंकाच आली नाही. मी त्याला त्याच रात्री, झूमला हात न लावता, कमी एक्स्पोजरचा दुसरा फोटो काढायला लावला. त्यात चंद्रावरचे डाग स्पष्ट दिसत होते आणि व्यास भरला 60 पिक्सेल. अंशाला 120 पिक्सेल, कोन 3 अंश, थेंब सुमारे 13 मायक्रॉनचा. व्यास दीडपट चुकला की थेंबातल्या पाण्याचा अंदाज तिपटीहून जास्त चुकतो.

माझी सवय ठरलेली आहे: आधी चंद्राचा फोटो, मग कड्यांचा, दोन्ही एकाच झूमवर आणि न कापता. फोनचा नाइट मोड बंद. तो स्वतःच्या मर्जीने उजेड बदलतो, आणि मग कशावर विश्वास ठेवायचा? आयतं उत्तर देणारी अ‍ॅपही मी वापरत नाही. दोन फोटो काढायला मिनिटसुद्धा लागत नाही, तेवढाही धीर नसेल तर मोजमापाच्या फंदात पडू नये.

कडी आकाशात नसतातच

लेन्सवर दव धरलं की तिथेही बारीक थेंबच असतात आणि तसंच विवर्तन होतं. डोळ्यातही अशी कडी उमटू शकतात. बोट लांब धरून फक्त चंद्र झाका. कडी गायब झाली तर ती डोळ्यातली, टिकली तर आकाशातली. कॅमेऱ्यासाठीही हेच करा, बोट लेन्सपासून दूर धरून. मात्र खिडकीची काच या परीक्षेत सापडत नाही, कारण बोट काचेच्या अलीकडे असतं आणि काचेवरच्या थेंबांवर चांदणं पडतच राहतं. म्हणून आधी खिडकी उघडा.

बाकीच्या

मोठं खळं म्हणजे कोरोना नव्हे. ते 22 अंशांवर, बर्फाच्या स्फटिकांमुळे पडतं आणि त्यात तांबडा रंग आतल्या बाजूला असतो. कोरोनात तो बाहेर असतो.

काठापासून समोरच्या काठापर्यंत मोजून तोच θ म्हणून घालू नका, थेंब निम्मा येतो.

सूर्याभोवतीची कडी बघताना सूर्य भिंतीच्या किंवा छपराच्या कडेआड पूर्ण लपलेला असलाच पाहिजे. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून डोळ्याने बघणं नाहीच.

वाकडी कडी मोजू नका. चंद्राच्या एका बाजूला ढगाची कड असेल तर तिथले थेंब बहुधा बारीक असतात आणि कडं त्या बाजूला फुगतं. ते गोल होईपर्यंत थांबा. काठाचा रंगच कळत नसेल, नुसती पांढुरकी आभा असेल, तर ढगात लहानमोठे थेंब मिसळलेले आहेत. अशा फोटोवरून एकच व्यास काढता येत नाही. वहीत 'मिश्र' असं लिहा आणि पुढच्या ढगाची वाट बघा.